दहा लाख शक्यता आणि एक फोन

सहा आकडी ओटीपी म्हणजे ०००००० पासून ९९९९९९ पर्यंतचा कुठलाही आकडा. एकूण शक्यता दहा लाख. तीनदा चुकीचा आकडा टाकला की व्यवहार रद्द, असा साधारण नियम धरला, तर नुसत्या अंदाजाने तुमचा ओटीपी लागण्याची शक्यता दहा लाखांत तीन. शिवाय तो जेमतेम तीन ते दहा मिनिटं चालतो आणि मग निकामी होतो. कागदावर पाहिलं तर हे कुलूप चांगलं मजबूत आहे.

मी सोसायटीचा खजिनदार. ‘तुमचं पार्सल अडकलंय’ असे फोन आपल्याकडे वाढले आहेत, तेव्हा सभासदांसाठी चार ओळींची सूचना लिहा, असं कार्यकारिणीने सांगितलं. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ ही सूचना लिफ्टमध्ये आधीपासून लावलेली आहे. पाण्याच्या टँकरच्या नोटिशीखाली ती अर्धी झाकली गेली आहे आणि कोणी वाचतही नाही, कारण तिच्यात वाचण्यासारखं काही नाही. म्हणून मी सूचनेऐवजी हिशेबच मांडतो. तो ओळखीचा नसलेला फोन नेमका कुठे घाव घालतो हे आकड्यांतून जितकं दिसतं तितकं उपदेशातून दिसत नाही.

आधी एक खोली डोळ्यांसमोर आणा. आकडे मी गृहीत धरतो आहे, पण अवास्तव नाहीत. खोलीत वीस माणसं बसली आहेत आणि त्यांच्याकडे कुठून तरी मिळवलेल्या कार्डांचे नंबर आहेत. प्रत्येक जण दिवसाला दीडशे व्यवहार सुरू करतो आणि दर व्यवहाराला तीनदा ओटीपीचा अंदाज मारतो. म्हणजे दिवसाला तीन हजार व्यवहार. एवढं करून एक तरी ओटीपी बरोबर लागण्याची निम्मी शक्यता यायला किती व्यवहार लागतील? सुमारे दोन लाख एकतीस हजार. म्हणजे सत्त्याहत्तर दिवस. रविवारची सुट्टी न घेता सत्त्याहत्तर दिवस खपायचं आणि शेवटी काय, तर छापा-काटा. त्याच्या कितीतरी आधी कार्डं बंद पडतील ते वेगळंच.

आता तीच खोली, तीच वीस माणसं आणि दिवसाला तेच तीन हजार. फरक इतकाच, की अंदाज मारायचा नाही, फोन करून मागायचा. हजारातल्या नऊशे नव्याण्णव जणांनी फोन ठेवला, शिवी दिली किंवा ‘राँग नंबर’ म्हटलं आणि फक्त एकाने आकडा सांगितला, तरी दिवसाला तीन घरं झाली. सत्त्याहत्तर दिवसांत दोनशे एकतीस. अंदाजाच्या वाटेने निम्म्या शक्यतेचं एक घर आणि मागण्याच्या वाटेने दोनशे एकतीस घरं. दहा लाख शक्यतांचं कुलूप कोणी फोडत नाही, किल्ली मागून घेतात.

यावर कोणी म्हणेल, की फोन करणाऱ्याला माझं पार्सल येणार आहे हे कसं कळलं? माहिती फुटली असणार. कधीकधी फुटलेली असतेही. नाव, पत्ता, कालच्या ऑर्डरचा तपशील सगळं त्याच्याकडे असू शकतं. पण बहुतेक वेळा त्याची गरजच पडत नाही. आपल्या ३२० घरांचंच घ्या. गेटवरची वही पाहिली तर कुठल्याही दिवशी निदान पाचातल्या दोन घरी काही ना काही यायचं असतं. पुस्तक, औषध, चपला, नाहीतर मुलीने अमेरिकेतून पाठवलेलं काहीतरी. तेव्हा आंधळेपणाने हजार फोन लावले तरी चारशे ठिकाणी ‘हो, हो, वाट पाहतेय मी’ हे उत्तर तयार असतं. त्या चारशे जणांना वाटतं, याला माझी ऑर्डर माहीत आहे, म्हणजे माणूस खरा. प्रत्यक्षात त्याने नेम धरलेलाच नसतो. त्याने सहाशे दगड वाया घालवले ते आपल्याला दिसत नाहीत, एवढंच. दहा वर्षांपूर्वी हाच फोन इतका चालला नसता, कारण तेव्हा महिन्याकाठी एखादं पार्सल यायचं.

आणखी एक आकडा आपल्या गेटचाच आहे. महागडी वस्तू, औषध, कधी किराणासुद्धा देताना डिलिव्हरीचा मुलगा कोड मागतो आणि तो खराच असतो. घरटी आठवड्याला असे दोन कोड धरले तर आपल्या सोसायटीत वर्षाला तेहतीस हजार दोनशे ऐंशी वेळा कोणीतरी अनोळखी माणसाला आकडा वाचून दाखवतं. तेहतीस हजार वेळा त्यातून काहीही वाईट होत नाही, उलट पार्सल हातात पडतं. ‘कोणालाही सांगू नका’ ही पाटी म्हणूनच निरुपयोगी आहे. रोज नव्वदएक वेळा ती मोडली जाते आणि मोडल्याबद्दल बक्षीस मिळतं. खोटा फोन करणारा आपल्याला नवं काही शिकवत नाही. तो आपल्या सवयीच्या रांगेत येऊन उभा राहतो.

हे घडतं कसं, ते एका नमुन्यावर पाहू. माणसं आणि रकमा मी रचल्या आहेत, पद्धत मात्र पोलिसांकडे येणाऱ्या तक्रारींतली रोजची आहे.

सी विंगमधल्या एका काकूंना अकरा चाळीसला फोन येतो. “काकू, कुरिअरमधून बोलतोय. तुमचं पार्सल आलंय, पण पत्त्यात फ्लॅट नंबर नाही. आज दिलं नाही तर परत जाईल.” काकूंनी नातवासाठी दप्तर मागवलेलं आहे. मुलगा नम्र आहे, मागे गाड्यांचा आवाज येतो आहे. तो म्हणतो, “लिंक पाठवलीय. पत्ता नीट करा आणि परत डिलिव्हरीचे पाच रुपये भरा. मी लाइनवरच थांबतो.” पाच रुपये. या सगळ्या प्रकारातला सगळ्यात हुशार आकडा मला हाच वाटतो. पाचशे मागितले असते तर काकूंनी मुलाला फोन लावला असता. पाच रुपयांसाठी कोण कोणाला विचारतो?

लिंकवरचं पान कुरिअर कंपनीसारखंच दिसतं. काकू नाव आणि पत्ता भरतात, मग कार्डाचे सोळा आकडे, मुदतीचा महिना-वर्ष, मागचे तीन आकडे. त्या हे भरत असतानाच दुसऱ्या टोकाला कोणीतरी तेच आकडे जसेच्या तसे एका खऱ्या वॉलेटच्या पानावर टाकतो आहे. रक्कम पाच रुपये नाही, ४८,९०० रुपये. बँकेच्या दृष्टीने हा एक सरळ व्यवहार आहे, म्हणून बँक काकूंच्या फोनवर खरा ओटीपी पाठवते:

`482913 is your OTP for txn of INR 48,900.00 on card ending 7704. Do not share it with anyone.`

इथे थांबून हे पाहा, की हा मेसेज खोटा नाही. तो बँकेच्याच नावाने, बँकेच्याच यंत्रणेतून आला आहे. ‘मेसेज पाठवणाऱ्याचं नाव तपासा’ हा नेहमीचा सल्ला या ठिकाणी काहीच कामाचा नाही. तपासलं तर बँकच निघेल आणि विश्वास उलट वाढेल. खोटं काय आहे? फक्त पान आणि फोनवरचा माणूस. आणि खरं काय चाललंय हे सांगणारी एकच गोष्ट त्या मेसेजमध्ये आहे, ती म्हणजे रक्कम. पाच रुपये भरायचे असताना मेसेज ४८,९०० म्हणतो आहे.

काकू ती रक्कम वाचत नाहीत, कारण त्यांना मेसेज उघडावाच लागत नाही. हल्लीचे फोन मेसेजमधला कोड आपणच उचलतात आणि कीबोर्डच्या वर दाखवतात. एक बोट लावलं की चौकट भरते. ही सोय आपण सगळे वापरतो आणि तिच्यामुळे मेसेजमधले सहा आकडे तेवढे पुढे येतात, बाकीचं वाक्य मागे राहतं. शिवाय मेसेज इंग्रजीत, आणि कानाला फोनवरचा मुलगा बोलतोच आहे. तो लाइनवर थांबतो ते मदतीसाठी नाही. समोरच्याला शांतपणे एक ओळ वाचायला फुरसत मिळू नये, हेच त्याचं काम.

अकरा बावन्नला पहिला ओटीपी गेला. पान म्हणतं, ‘पेमेंट अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा.’ मुलगा म्हणतो, “सर्व्हर डाउन आहे काकू, दुसरा कोड येईल.” अकरा पंचावन्नला दुसरा गेला, या वेळी ४९,५०० रुपयांचा. एकूण ९८,४०० रुपये, पंधरा मिनिटांत. मग फोन तुटतो. अकरा अठ्ठावन्नला काकू मेसेजची यादी उघडतात.

पैसे आता कुठे आहेत? वॉलेटमधून ते कोणाच्या तरी बँक खात्यात गेले असणार. पोलीस अशा खात्यांना म्युल खाती म्हणतात. काही हजारांच्या मोबदल्यात कोणी विद्यार्थ्याने किंवा मजुराने आपलं खातं वापरायला दिलेलं असतं. तिथे रक्कम मुरत नाही, फुटत जाते. समजा प्रत्येक खात्यातून ती पुढच्या तीन खात्यांत वाटली. पहिल्या फेरीला ३ खाती, मग ९, मग २७, मग ८१ आणि पाचव्या फेरीला २४३. काकूंचे ९८,४०० रुपये तोवर प्रत्येक खात्यात चारशे पाच रुपये इतके बारीक झालेले असतात. प्रत्येक फेरीला पाच मिनिटं धरली तर हे सगळं अर्ध्या तासाच्या आत उरकतं. पहिल्या फेरीत अडवायची तर तीन खाती गोठवायची, पाचव्या फेरीत अडवायची तर दोनशे त्रेचाळीस, तीही वेगवेगळ्या बँकांतली. कोणी एटीएममधून रोख काढली की तो फाटा तिथेच संपला.

म्हणून अकरा अठ्ठावन्नपासूनचं प्रत्येक मिनिट मोजायचं. आधी बँकेच्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करायचं आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. बँकेचा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच घ्यायचा, गुगलवर शोधून नाही, तिथेही भामट्यांचे क्रमांक लावलेले सापडतात. लगेच १९३० लावायचा. हा केंद्र सरकारचा क्रमांक आहे. २०२१ पासून त्यामागे एक यंत्रणा उभी आहे, जिच्यात बँका, वॉलेट कंपन्या आणि पोलीस एकाच ठिकाणी जोडलेले आहेत. तुमची तक्रार ज्या बँकेत पैसे गेले तिच्या पडद्यावर उमटते, पैसे पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेच्या पडद्यावर सरकते आणि जिथे सापडतील तिथे रक्कम रोखली जाते. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी असली की काम पटकन होतं. मिळालेल्या पावती क्रमांकावर नंतर cybercrime.gov.in वर तक्रार पूर्ण भरायची.

या यंत्रणेने काय वाचवलं? सरकारने जुलै २०२५ मध्ये संसदेत सांगितलं, की १७.८२ लाखांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम वाचली. आकडा मोठा वाटतो. पण तेव्हाच्याच उत्तरांत नुकसानीचाही आकडा होता. एकट्या २०२४ सालात देशात सायबर फसवणुकीत गेले २२,८४५ कोटी रुपये. त्याआधीच्या, म्हणजे २०२३ सालात ७,४६५ कोटी होते. एका वर्षात तिप्पट. चार वर्षांत जे वाचलं ते एका वर्षात गेलेल्याच्या चौथ्या हिश्श्यालाही पुरत नाही.

२२,८४५ कोटी म्हणजे किती, हे मला स्वतःला कळेना, म्हणून मी ते आपल्या सोसायटीच्या मापाने मोजलं. फ्लॅट एक कोटीचा धरला तर आपली सगळी ३२० घरं मिळून ३२० कोटींची. देशाचं नुकसान दिवसाला साडेबासष्ट कोटींच्या आसपास पडतं. म्हणजे दर पाच दिवसांनी आपल्याएवढी एक अख्खी सोसायटी पार्किंगसकट गेली आणि वर्षअखेर अशा एकाहत्तर गेल्या. सेकंदाला सव्वासात हजार रुपये. अर्थात हे सगळं पार्सलच्या फोनांनी गेलेलं नाही. यात शेअर बाजारातल्या नफ्याची आमिषं आहेत, ‘डिजिटल अटक’ आहे, कर्जाची बनावट ॲप आहेत, आणि मोठमोठ्या रकमा तिकडेच जातात. पार्सलचा फोन हा त्या कुटुंबातला किरकोळ व्यापारी. २०२४ सालच्या साधारण छत्तीस लाख सदतीस हजार घटना मोजल्या तर घटनेमागे सरासरी त्रेसष्ट हजार रुपये येतात. आपल्या काकूंचं नुकसान त्या सरासरीच्या साधारण दीडपट आहे, इतकंच.

आता हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहा. २०२४ मध्ये यूपीआयवर सुमारे १७,२०० कोटी व्यवहार झाले, रक्कम सुमारे २४७ लाख कोटी. सगळ्या सायबर फसवणुकीचं नुकसान, ते यूपीआयमधून गेलेलं असो वा नसो, या उलाढालीशी ताडून पाहिलं तर हजार रुपयांमागे ब्याण्णव पैसे भरतं. एखाद्या किराणा दुकानदाराला हजाराला ब्याण्णव पैसे उंदीर लागले तर तो मांजर पाळायचाही विचार करणार नाही. यंत्रणेच्या नजरेत फसवणूक म्हणजे एवढीच गळती, आणि काकूंच्या नजरेत खातं रिकामं. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. भरपाईच्या वेळी मात्र पहिला हिशेब करणारे टेबलाच्या पलीकडे बसलेले असतात.

भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात आहे आणि तो सभासदांनी नीट समजून घ्यावा. चूक बँकेची असेल तर ग्राहकाला झळ नाही. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, कुठेतरी मध्येच घडली आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही झळ शून्य. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. काकूंच्या बाबतीत याचा अर्थ असा, की ९८,४०० रुपये बँकेकडून मिळण्याची आशा फार नाही. ते मिळालेच तर कुठल्या तरी खात्यात रोखले गेल्यामुळे मिळतील. पण अकरा अठ्ठावन्नला बँकेला कळवलं आणि बारा दहाला त्याच कार्डावरून आणखी एक व्यवहार गेला, तर तो बँकेने सोसायचा. त्यासाठी तक्रारीची वेळ सिद्ध करता आली पाहिजे. शाखेत जाऊन तोंडी सांगणं पुरत नाही, तक्रार क्रमांकाचा मेसेज जपून ठेवावा लागतो.

पार्सलच्या फोनचा एक भाऊ आहे, तो ओटीपी मागतच नाही. तो म्हणतो, डिलिव्हरी बॉयशी बोलायचं असेल तर हा नंबर डायल करा, आणि जो पाठवतो तो नंबर नसतो, आज्ञा असते. `*21*`, पुढे त्याचा दहा आकडी मोबाइल आणि शेवटी `#`. हे डायल केलं की तुमच्या फोनवर येणारे सगळे कॉल त्याच्याकडे वळतात. एसएमएस वळत नाहीत, ते तुमच्याकडेच येतात, त्यामुळे काही बिघडलं आहे असं वाटतच नाही. फक्त फोन वाजेनासा होतो. पण ओटीपी कॉलवरून ऐकवण्याची सोय अनेक सेवा देतात आणि व्हॉट्सॲपही देतं. भामटा आपल्या फोनवर तुमच्या नंबराने व्हॉट्सॲप सुरू करतो, ‘कॉल करून कोड सांगा’ निवडतो, कॉल त्याच्याकडेच वळतो आणि तुमचं खातं त्याचं होतं. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून यूएसएसडी कोडवरून कॉल वळवण्याची सोय थांबवायला कंपन्यांना सांगितलं होतं. तरी अशा कोडांपासून सावध राहण्याचे सरकारी इशारे त्यानंतरही निघत राहिले, तेव्हा आपला फोन आपणच पाहिलेला बरा. `*#21#` डायल केलं की कॉल कुठे वळवले आहेत का ते पडद्यावर दिसतं आणि `##002#` ने सगळी वळणं रद्द होतात.

हा प्रकार सोसायटीला जास्त महाग पडतो. ओटीपी दिला तर एका घराचे पैसे जातात. व्हॉट्सॲप गेलं तर आपल्या गटातल्या उरलेल्या ३१९ घरांना ‘आई दवाखान्यात आहे, वीस हजार पाठवा, संध्याकाळी देतो’ असा मेसेज शेजाऱ्याच्या नावाने आणि फोटोने जातो. अनोळखी फोनला हजारात एक बळी पडतो असं आपण धरलं होतं. ओळखीच्या नावाला शंभरात एक धरला तरी तीन घरं झाली, साठ हजार रुपये. त्या तिघांनी ओटीपी सांगितलेला नसतो. त्यांनी शेजारधर्म पाळलेला असतो आणि पिन स्वतःच्या हाताने टाकलेला असतो.

कार्यकारिणीने म्हणून लिफ्टमधली पाटी बदलायचं ठरवलं आहे. नव्या पाटीवर दोनच गोष्टी असतील. डिलिव्हरीचा कोड वस्तू हातात घेतल्यावर, दारात, समोरच्या माणसाला सांगायचा. फोनवर, लिंकवर किंवा ‘ऑर्डर रद्द करायला’ कोणी मागितला तर नाही. आणि ज्या मेसेजमध्ये रुपयांचा आकडा आहे तो डिलिव्हरीचा कोड नव्हे, पार्सलवाल्याने दारात उभं राहून मागितला तरीही. गेटवरच्या वॉचमनला कोणाच्याही वतीने कोड सांगायला किंवा मागवलेलं नसलेलं पार्सल पैसे भरून घ्यायला मनाई केली आहे. रविवारी दुपारी चार ते सहा क्लबहाउसमध्ये मी आणि बी विंगमधली दोन कॉलेजची मुलं बसणार आहोत. ज्येष्ठ सभासदांनी फोन घेऊन यावं. `*#21#` तपासून देऊ, कार्डाची ऑनलाइन खर्चाची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये खाली आणून देऊ आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून देऊ. त्या पिनचेही सहाच आकडे असतात आणि शक्यताही त्याच दहा लाख, पण तो कोणाच्या कॉलवर किंवा मेसेजवर येत नाही. तो तुम्ही स्वतः ठरवायचा. येताना घरी ठरवून या आणि टाकताना आमच्याकडे पाठ करा.